जड खाली, हलकं वर

फळी पडली तेव्हा मी घरी निघाले होते, पर्स खांद्याला होती. आधी लाकूड करकरल्याचा आवाज आला, मग एक क्षण काहीच नाही, आणि मग धाडधाड सगळं खाली. धूळ बसल्यावर पाहिलं तर वरच्या फळीने खालच्या चारही फळ्या सोबत नेल्या होत्या. सागवानी कपाटाच्या नुसत्या उभ्या बाजू उरल्या होत्या, आणि पायाशी गुडघाभर उंच ढीग. इंग्रजी, हिंदी, उर्दू, सगळं एकमेकांत घुसलेलं.

हे हज़रतगंजच्या मागच्या गल्लीतलं, एका जुन्या ट्रस्टचं ग्रंथालय. नवऱ्याची पोस्टिंग लखनौला आहे, आम्ही तेलीबागला राहतो, आणि मी इथे ग्रंथपाल आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाप जालन्याच्या मोंढ्यात हमाल होता. हे मी कुणी विचारलं तर सांगते, आणि नाही विचारलं तरी सांगते.

ट्रस्टचे सचिव निवृत्त प्राध्यापक. मराठीच, पुण्याचे. नोकरी लागली तेव्हा मला वाटलं, परमुलखात आपलं माणूस भेटलं. पहिल्याच आठवड्यात चारचौघांत म्हणाले, "अगं, 'पाह्यलं' काय? 'पाहिलं' म्हण. आमच्याकडे धुणंभांडीवाल्या यापेक्षा शुद्ध बोलतात." मग तेच हिंदीत करून बाकीच्यांना सांगितलं, म्हणजे त्यांनाही हसता यावं. सगळे हसले. मीसुद्धा हसले. त्या हसण्यावरून मला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त आला, आणि तो मी जपून ठेवला.

गेल्या वर्षी त्यांनी आपली पुस्तकं ग्रंथालयाला 'दिली'. तीन नव्या स्टीलच्या रॅकवर, डोळ्यांच्या उंचीला, मधे फुलदाणी, वर त्यांच्या नावाची पितळी पाटी. जागेसाठी त्या भिंतीवरची जुनी पुस्तकं काढून सागवानी कपाटात दुहेरी रांगेत कोंबायला लावली. जाडजूड बांधीव खंड तर थेट सगळ्यात वरच्या फळीवर. मी म्हटलं, "सर, जड पुस्तकं वर नको. फळीला आधीच बाक आलाय."

"तू पुस्तकं उचल, इंजिनिअरिंग मी बघतो."

त्यांची पुस्तकं दाखल करून घ्यायला मी शिक्का आणि चिकटपट्ट्या घेऊन गेले, तर हात आडवा धरला. "माझ्या प्रतींवर तुझे जांभळे शिक्के नकोत. सह्या आहेत त्यांवर मोठमोठ्या लोकांच्या." म्हणजे शिक्का नाही, दाखल क्रमांक नाही, विषयाचा आकडाही नाही. देणगी म्हणायची आणि मालकी ठेवायची. मी चिकटपट्ट्या परत ड्रॉवरमध्ये टाकल्या.

तर त्या संध्याकाळी ते ढिगाजवळ आले, बुटाच्या टोकाने एक खंड सरकवला.

"उद्या सकाळी अध्यक्षा मॅडम येतायत. तोवर हे इथे नको. मी कबाड़ीला सांगतो, घेऊन जाईल."

"सर, ही दाखल पुस्तकं आहेत. पडली म्हणून रद्दी होत नाहीत. मी लावते."

"हा ढिगारा? एका रात्रीत?" ते हसले. मग चौकीदार चाचांकडे वळून त्यांनाही कळावं म्हणून हिंदीत म्हणाले, "सीधा नियम है. नंबर के साथ रैक पर है तो लाइब्रेरी. बाक़ी सब कबाड़." आणि जाता जाता मला मराठीत, "शेवटी ओझी उचलणं तुमच्या रक्तातच आहे म्हणा. बघ जमतं का."

मी नवऱ्याला फोन केला, रात्री येत नाही म्हणून. "काय झालं?" "पुस्तकं पडली." "आणि?" "आणि सर बोलले." तो म्हणाला, "अच्छा. मग नीट कर." फौजी माणूस, 'नीट कर' या दोन शब्दांत त्याचं सगळं येतं.

चाचांनी फाटक लावलं आणि ढिगासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "मैडम, ये तो मलबा है. फावड़ा लाऊँ?"

"हात लगाना मत अभी."

कोसळलेल्या फळीचं एक असतं. बघणाऱ्याला तो ढिगारा दिसतो, पण पुस्तकं पडतानाही बरीचशी आपापल्या शेजाऱ्यांसकट पडतात. पाच-सहा पुस्तकांची लड अजून क्रमानेच पडलेली असते. म्हणून आधी चारी बाजूंनी फोटो काढले. मग वाचनकक्षातल्या टेबलांवर जुन्या चादरी पसरल्या, आणि वरून, एकेक थर उचलायला घेतलं. मधलं पुस्तक ओढायचं नाही. ओढलं की खालच्याच्या पुठ्ठ्याचा सांधा उसवतो. लड सापडली की लडच उचलायची, मोडायची नाही.

प्रत्येक पुस्तक मिटलेलं घट्ट धरून, मऊ ब्रशने कण्याकडून बाहेर धूळ झाडायची, नाहीतर ती पानांत जाते. ज्यांचे पुठ्ठे सुटले होते त्यांना बांधायला सुतळी चालत नाही, कापडाला काचते. रबर तर नाहीच, उन्हाळ्यात वितळून चिकटतं. मी चाचांना म्हटलं, कोपऱ्यावरच्या दुकानात पळा. दुकानदार शटर ओढायच्या बेतात असेल.

"क्या लाऊँ?"

"पेटीकोट का नाड़ा. सफ़ेद, सूती. पूरा बंडल."

चाचा एकदम दाराकडे बघायला लागले. "मैडम, मैं... माँगूँगा कैसे?"

"बोलना किताबों के लिए चाहिए."

"कोई मानेगा?"

आणला मात्र. आडवा-उभा बांधून गाठ पानांच्या बाजूला घ्यायची, कण्यावर नाही. सुटी पानं लिफाफ्यात, लिफाफ्यावर पुस्तकाचा क्रमांक, आणि लिफाफा त्याच नाड्याखाली. काही पुस्तकं पार गेली होती, वाळवीने आतून जाळी केलेली. ती वेगळी ठेवली, त्यांचं खोटं सांगणार नाही.

मग लावणं. आधी विषयाच्या आकड्यातल्या शेकड्याने दहा ढीग. मग एकेका ढिगाचे दशकाने लहान ढीग. मग टिंबापुढचे आकडे, आणि आकडा सारखा असेल तर लेखकाच्या अक्षराने. कण्यावरची चिठ्ठी गळाली असेल तर मुखपृष्ठामागच्या पानाच्या पाठीवर क्रमांक असतो. तेही पान गेलं असेल तर आतल्या एका ठरलेल्या पानावर तोच परत लिहिलेला असतो. प्रत्येक ग्रंथालयाचं ते पान वेगळं. आमचं कितवं ते सांगणार नाही.

चाचांनी इतिहासाच्या ढिगात ९५४.२ आधी ठेवलं, ९५४.१४ नंतर.

"उल्टा, चाचा."

"चौदह दो से बड़ा है, मैडम. इतना तो मुझे भी आता है."

"बिंदी के बाद चौदह नहीं होता. एक, फिर चार. एक दो से पहले. पहले बंगाल, फिर आपका यू.पी."

"यहाँ भी बंगाल आगे," म्हणाले, आणि पुस्तक सरकवलं.

उर्दू मला वाचता येत नाही. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं. अडाण्याने लावलं की उलटं उभं राहतं. ते सगळं चाचांनी केलं. कुठली जिल्द पहिली, कुठली दुसरी, बोटाने अक्षरं लावत.

क्रम लागला, पण ठेवायचं कुठे? सागवानी कपाट गेलेलं. दुसरीकडे एक वीतभर जागा नाही. फक्त त्या तीन रॅक.

मी फुलदाणी उचलून खिडकीत ठेवली. चाचांचा हात थांबला. "साहब नाराज़ होंगे."

"नियम साहब का ही है, चाचा. आपने भी सुना."

 चाचांनी बाह्या वर केल्या.

सरांची पुस्तकं मी एकेक करून उतरवली, पुसली, आणि जिथे ढीग होता तिथे, भिंतीच्या कोपऱ्यात, त्यांची थप्पी लावली. बाप पोत्यांची थप्पी लावायचा तशी: जड खाली, हलकं वर, एका थराची तोंडं दुसऱ्यावर आडवी, म्हणजे सरकत नाही. एका पानालाही दुमड पडू दिली नाही. माझ्या कामात खोट काढायला मी त्यांना जागा ठेवणार नव्हते.

मग रॅक भरल्या. बांधीव खंड तळाला, त्यांच्या वेगळ्या क्रमाने, उंच नकाशासंग्रह सगळ्यात खाली आडवे. प्रत्येक फळीचा पाऊण भाग भरला, पाव रिकामा, शेवटी कागदात गुंडाळलेली वीट आधाराला. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. सगळं उजाडायच्या आत बसलं. शेवटी पितळी पाटी उतरवून थप्पीवर ठेवली. ती हलकी होती, वरच जायची. चाचा घरी झोपायला गेले.

सकाळी आधी कबाड़ीवाला आला. त्याला सरांनी 'कोने का ढेर' सांगितलं होतं. तो कोपऱ्यात गेला, तराजू मांडला आणि थप्पी उतरवायला लागला. मी थांबवू शकले असते. मी चहा घेत होते.

अध्यक्षा मॅडम, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आल्या आणि रॅकसमोर उभ्या राहिल्या. दोन-तीन पुस्तकं काढून बघितली. नाडा बघून हसल्या. "ये रात को गिरी थीं?"

"जी. सब नंबर से लगी हैं."

सर आले ते नेहमीसारखे उशिरा. दारातूनच त्यांना तराजूच्या पारड्यात आपलं पुस्तक दिसलं, सहीवालं. एवढा शुद्ध माणूस, पण तोंडातून आवाज निघाला तो मोंढ्यातला.

"अरे! हात लावू नकोस! ती माझी आहेत!"

कबाड़ीवाल्याला मराठी कळेना. तो मॅडमकडे बघायला लागला. मॅडम माझ्याकडे.

"इन पर नंबर है?"

"जी नहीं."

"मुहर?"

"सर ने मना किया था."

मॅडमनी एक पुस्तक उघडून आतलं पान बघितलं, मिटलं. "फिर ये हमारी नहीं हैं, प्रोफ़ेसर साहब. अपनी किताबें घर ले जाइए. और ये तराजू हटाओ भाई."

सर माझ्याजवळ आले. हळू आवाजात, मराठीत. "हे तू मुद्दाम केलंस."

"हो सर."

त्यांना वाटलं होतं मी नाही म्हणेन.  मग, "चौकीदाराला बोलाव. रिक्षात ठेवायला लाव."

"ते रात्रभर उचलत होते. घरी गेले."

ई-रिक्षा फाटकापाशी उभी होती. त्यांचं घर वृंदावन योजनेत, लांब. रिक्षावाला सीटवरून हलला नाही. सरांनी कोट काढला, खुर्चीवर टाकला, आणि उचलायला लागले. चार-चार पुस्तकं, कण्याच्या टोकाला धरून. मी दारात उभी होते.

"सर, वरून धरून ओढू नका. शिवण उसवते. मधे धरा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मधे धरलं.

आठ-दहा फेऱ्यांनी सदरा पाठीला चिकटला. रिक्षात त्यांनी जड खंड वर ठेवले, हलके खाली. वळणावर घसरणार हे मला दिसत होतं. इंजिनिअरिंग ते बघणार होते, म्हणून मी काही बोलले नाही.

सर अजून सचिव आहेत, पण त्या दिवसापासून माझ्याशी हिंदीतच बोलतात. मला चालतं. मी मात्र त्यांना मराठीतच उत्तर देते, आणि हटकून म्हणते, "हो सर, मी पाह्यलं."