पत्रातला चौथा मुद्दा

माझ्या चौकशीला उत्तर म्हणून डॉक्टरांचं अंतर्देशीय पत्र आलं तेव्हा माझी मुंबईतली इंटर्नशिप संपायला सोळा दिवस उरले होते. रत्नागिरीत त्यांचा हाडांचा दवाखाना होता आणि मागच्या दोन खोल्यांत त्यांना फिजिओथेरपीचा विभाग काढायचा होता. मशिनं आली होती, माणूस नव्हतं. अक्षर डॉक्टरला न शोभेल इतकं स्वच्छ. त्यांनी चार गोष्टी विचारल्या होत्या: पदवी कोणती, रजिस्ट्रेशन कुठलं, कोणत्या प्रकारचे रुग्ण हाताळले आहेत, आणि रुग्णाच्या घरी जायची तयारी आहे का, असल्यास किती वाजता आणि किती लांब.

मला ही नोकरी हवी होती, आणि का हवी होती ते सरळ सांगते. गणपती होऊन पंधरवडाही झाला नव्हता, तोच बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू गेली. बाबा बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. निवृत्त होऊन रत्नागिरीलगतच्या आमच्या समुद्रकाठच्या वाडीत येऊन त्यांना जेमतेम दोन वर्षं झाली होती. मी धावत जाऊन चार दिवस राहून आले होते. निघताना त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "शिमग्याला पालखी येल तेव्हा मला उभा कर, बाय. बाकी काय नको."

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घराघरांत येते. घरातल्या कर्त्याने अंगणाच्या कडेला उभं राहून ती घ्यायची, म्हणजे दांडीला हात लावून तिला आत आणायचं. बाबा जहाजावर असताना वर्षानुवर्षं हे काम काकांनी केलं. आता कुठे बाबांची पाळी आली होती, तर पायच गेला. मी चांगली शिकलेली मुलगी, पाच महिने हातात, रोज दुपारचे तीन तास मिळाले तर त्यांना उभं करीन याची मला खात्री होती. मला गर्वच होता म्हणा ना.

उत्तर लिहायला फुलस्केप घेऊन बसले. पहिला मुद्दा सोपा. बी.एस्सी. फिजिओथेरपी, निकाल लागला आहे, पदवीदान व्हायचं आहे, उत्तीर्ण झाल्याचा दाखला सोबत. दुसऱ्या मुद्द्यापाशी पेन अडलं. तेव्हा महाराष्ट्रात आमच्यासाठी सरकारी कौन्सिल नव्हतीच. डॉक्टरांना असते, नर्सना असते, आम्हाला नाही. होती ती आमच्या व्यवसायाची संघटना आणि तिचा सदस्य क्रमांक. काही जण तोच नंबर 'रजि. नं.' म्हणून ठोकून देत, विचारतो कोण! मी मात्र लिहिलं, की राज्यात कौन्सिल नाही, त्यामुळे रजिस्ट्रेशन नाही. संघटनेची सदस्य आहे. तिसऱ्यातही खरं लिहिलं. फ्रॅक्चरनंतरचे आखडलेले सांधे, कंबरदुखी, पोलिओची मुलं पुष्कळ पाहिली. अर्धांगवायूचे रुग्ण मात्र वॉर्डात दोनच महिने.

चौथ्या मुद्द्यात मी लिहिलं: 'दुपारी दोन ते पाच मला मोकळीक लागेल. वडिलांना अर्धांगवायू झाला असून त्यांचे व्यायाम मीच घेणार आहे. त्या वेळेखेरीज शहरात कुठेही येईन.'

हॉस्टेलमधल्या माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने पत्र वाचलं आणि ती हसत सुटली. "रजिस्ट्रेशन नाही, अनुभव नाही, वर दुपारी सुट्टी. तू नोकरी मागतेयस की उपकार करतेयस?"

माझं डोकं पटकन तापतं, तसं तापलं. पण ती गेल्यावर मी घाबरले. शेवटचा कागद फाडला आणि नव्यावर लिहिलं: 'घरी जाऊन उपचार करण्यास केव्हाही तयार आहे. तालुक्यात कुठेही.' वडिलांचा उल्लेख काढून टाकला. नोकरी तर लागू दे, मग बघू, असं मनाला बजावलं.

नोकरी दिवाळीनंतर लागली. आणि डॉक्टर शब्दाला धरून चालणारे निघाले. सकाळी आठ ते एक विभागात काम, आणि एक वाजता माझ्या टेबलावर चिठ्ठी: अमुक गाव, पक्षाघात, घरी जाणे. केव्हाही म्हणजे केव्हाही, कुठेही म्हणजे कुठेही. जेवण कसंबसं उरकून मी एस.टी. पकडत असे. उतरून पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढायच्या, एखादा व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडायचा. पुरुष माणसं मुंबईला, घरात म्हातारं माणूस आणि सून. परतीची गाडी चुकली तर दिवेलागण होऊन जाई.

बाबांच्या वाट्याला सकाळची वीस मिनिटं आली. त्यात खांदा सांभाळायचा, बसवायचं, तोल धरायला लावायचा. पायाचं काम मी आईवर सोपवलं. एका सकाळी, एका हातात चहाचा कप धरून, मी तिला दाखवलं, "पाऊल असं वर न्यायचं गो, दिवसातनं तीनदा." ती म्हणाली, "समजलं." मी कप ठेवला आणि पळाले.

त्याच आठवड्यात एका गावात मी एका सुनेला हेच शिकवायला पूर्ण तास बसले होते. गुडघा सरळ ठेवायचा, टाच तळहातात घट्ट धरायची, टाच खाली ओढत तळवा आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूने वर रेटायचा, सावकाश, घाई नाही. तिच्याकडून दहादा करून घेतलं. तिची सासू माघात काठी घेऊन पडवीत चालायला लागली. सुनेने मला ओंजळभर आमसुलं दिली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी गाडीत बसून वाटभर खूश होते. आज आठवलं की माझीच मला चीड येते.

घरी बाबा काही तक्रार करत नसत. मी आले की चादर पावलांवर ओढून घेत आणि विचारत, "आज कुठला गाव?" मी सांगे, ते ऐकत. शेजारी कुणी आलं की म्हणत, "आमची बाय आख्ख्या तालुक्याला चालवत्ये." मला ते कौतुक वाटे.

पालखीला आठ दिवस उरले तेव्हा मी रविवार मोकळा काढला. बाबांना पलंगाच्या कडेला बसवलं, कंबरेला धरलं आणि उठवलं. उजवा पाय जमिनीवर भक्कम आला. डाव्या पायाची बोटं टेकली. टाच वरच राहिली, जवळजवळ दोन बोटं. वजन दिलं तशी ती खाली यायच्या ऐवजी गुडघाच मागे ढकलला गेला आणि बाबा माझ्या अंगावर आले. मी त्यांना कसंबसं खाली बसवलं.

"आई, तू रोज करतेस ना? करून दाखव."

आईने पाय मांडीवर घेतला, पावलाची बोटं धरली आणि मायेने वर ओढली. बोटं वर आली, पाऊल मध्यावर वाकलं, टाच होती तिथेच राहिली. दिवसातून तीनदा, एक दिवस न चुकता, तिने हेच केलं होतं. वर पाय दुखू नये म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवली होती. तिला मी टाच धरायला सांगितलंच नव्हतं.

"चुकलं काय गो?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "तुझं नाही." आणि मागच्या पडवीत जाऊन रडले.

त्या वर्षी पालखी काकांनी घेतली. बाबा खुर्चीत बसून होते. सगळे अंगणात असताना ते मला हळूच म्हणाले, "पूस महिन्यापासनं टाच टेकत नाय, बाय. मला ठावं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर नोकरी सोडली असतीस तू."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. वडील, दुपार, फाडलेला कागद. त्यांनी ऐकून घेतलं, कपाट उघडलं, फाइल काढली. माझं पत्र वर ठेवलं. चौथ्या मुद्द्याखाली लाल रेघ होती.

"मी हे विचारलं कशासाठी? पेशंटना काय सांगायचं ते मला कळावं म्हणून," ते म्हणाले. "दुपारी नाही म्हटलं असतंत तर मी त्यांना सकाळची वेळ दिली असती. विभाग संध्याकाळी उघडला असता. एवढंच करायचं होतं."

"मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाला घ्याल."

"आणखी एक अर्ज आला होता. त्यात रजिस्ट्रेशनचा नंबर होता, सरकारी म्हणून. मला ठाऊक आहे की अशी कौन्सिलच नाही. तुम्ही नाही म्हणून लिहिलंत, अर्धांगवायूचे रुग्ण फारसे पाहिले नाहीत हेही लिहिलंत, म्हणून तुम्हाला घेतलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ज्या खऱ्या ओळींची मला लाज वाटत होती त्यांनी नोकरी दिली होती, आणि शहाणपण समजून जी खोटी ओळ लिहिली तिने बाबांची टाच घेतली. हे कुणाला सांगणार?

त्या दिवसापासून दुपार माझी झाली. डॉक्टरांनी स्वतः घरी येऊन पाऊल पाहिलं. आठवड्याला प्लास्टर बदलत, दर वेळी थोडं थोडं वर आणत, आम्ही महिनाभर झगडलो. दोन बोटांचं अंतर एका बोटावर आलं आणि तिथे थांबलं. टाचेमागच्या शिरेचं ऑपरेशन करता येईल, असं डॉक्टर म्हणाले. बाबा नको म्हणाले. मग चांभाराने डाव्या वहाणेच्या टाचेला बोटभर जाड रबर लावून दिलं, आणि ती वहाण घालून, काठी घेऊन, बाबा अंगणात चालायला लागले. श्रावणात तर समुद्रापर्यंत गेले.

पुढच्या शिमग्याला सकाळपासून ते तयार होऊन बसले होते. ढोल जवळ आला तसे उठले, अंगणाच्या कडेला गेले, आणि मग थांबून माझ्याकडे पाहू लागले. पायांत वहाणा होत्या. पालखीपुढे वहाणा घालून कसं उभं राहणार? हे आम्हा कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी उजवी काढली. डावी काढली. टाच वर राहिली आणि गुडघा मागे जायला लागला.

दवाखान्यात उभं राहण्याच्या व्यायामाला वापरतो तशी एक लाकडी पाचर मी घरी करून घेतली होती. मी ती आणायला धावले. पालखी अंगणात शिरली तेव्हा मी गुडघ्यांवर बसून ती त्यांच्या टाचेखाली सरकवत होते. ती निसटू नये म्हणून तशीच हाताने धरून राहिले. बाबांचं वजन पाचरीवरून माझ्या बोटांवर येत होतं. वर ते पालखी घेत होते, आई ओटी भरत होती.

"काय मुलगी आहे," मागे कुणीतरी म्हणालं, "बापाच्या पायावरनं डोकं उचलत नाय."

मी डोकं उचललं नाही. पालखी अंगणाबाहेर जाईपर्यंत ती टाच धरून बसले.