दुर्री, तिर्री, चव्वी

आमच्या देवळालीच्या घरी पत्ते आणले ते दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. लढाईच्या दिवसांत नगरला लष्कराच्या डेपोत कामाला होते. तिथून तीन पत्तीचे नाना प्रकार शिकून आले आणि दर दिवाळीला चिंचोके लावून आम्हाला हरवायचे. मला मेला फार राग यायचा त्यांचा.

त्या वर्षी भाऊबीज झाली नि दुसऱ्याच सकाळी दाजी अक्काला न्यायला हजर. अक्काचं तोंड उतरलं. लग्न झाल्यापासून माहेरी सलग आठ दिवस तिला कधी मिळाले नव्हते. तुळशीच्या लग्नापर्यंत राहायचं तिच्या फार मनात होतं, पण सासूबाईंनी दाजींना बजावून पाठवलेलं. मग मीच फणकारले, "दाजी, खेळून दाखवा. अक्का जिंकली तर ऱ्हाणार."

"चालंल," दाजी हसले. "तीन डाव. दोन जिंकंल त्याचं खरं."

ओसरीवर बसलो. पानं मी वाटली. पहिला डाव साधा. अक्काकडे जोडी, दाजींची तिन्ही पानं बदामाची. रंगापुढं जोडी हरली. दुसरा जोकरचा. वाटून झाल्यावर उलटलेलं पान सत्ती निघालं, म्हणजे उरलेल्या सत्त्या जोकर, हव्या त्या पानाच्या जागी चालणाऱ्या. अक्काकडे दोन राण्या नि एक सत्ती. झाल्या की तीन राण्या! दाजींची ओळीनं लागलेली पानं पडली.

तिसरा मुफलिस. यात सगळं उफराटं. जो हात सगळ्यात हलका, तोच जिंकतो, आणि तीन सारखी पानं आली तर कपाळाला हात. अक्कानं पानं पाहिली आणि तिला हसू आवरेना. दुर्री, तिर्री, चव्वी तिनं सतरंजीवर मांडली. "याच्याखाली काय असतंय? मी जिंकले, मी ऱ्हाते."

मी वाकून पाहिलं. पानं बारीक खरी, पण ओळीनं आलेली. ओळ लागली की हात भारी, आणि मुफलिसात भारी हात बुडवतो. चव्वीच्या जागी वेगळ्या रंगाची पंजी असती, तर त्याहून हलका हातच नाही. अक्काच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

दाजींनी तिच्याकडं पाहिलं. मग आपली पानं पालथीच गड्डीवर ठेवली. "हरलो बुवा," म्हणाले. चहा घेतला आणि एकटेच निघाले.

गड्डी आवरताना मी ती पानं उलटून पाहिली. राजा, नव्वी, छक्की, वेगवेगळ्या रंगांची. ना जोडी, ना ओळ. डाव त्यांचाच होता. त्यांच्यावरचा माझा राग तिथंच गेला. घरी जाऊन हा माणूस आपल्या आईला काय सांगणार होता, देव जाणे.

अक्का पुढं जन्मभर सांगायची, "ह्यांना मुफलिस खेळता येत न्हाई. मी हरवलंय." दाजी शेजारीच सुपारी कातरत बसलेले असायचे.

"व्हय," म्हणायचे, "लई वाईट हरलो हुतो."