एकास दोन या प्रमाणात

स्वतःच्या एका चुकीला मी पुरे आठ दिवस तत्त्व म्हणत होतो, आणि त्या तत्त्वासाठी लढायला गेलो होतो.

मी किन्हवलीकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला गणित शिकवतो. आमच्याकडची मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकतात. तोवर रेषेला चढ असतो. अकरावी विज्ञानाला आलं की त्याच रेषेला स्लोप येतो आणि पोरं दोन महिने ती रेषा नवीन असल्यासारखी बघतात. विभाजनाचं सूत्र सेक्शन फॉर्म्युला होतं. पहिल्या दिवशी मी सांगतो की घाबरू नका, गावच्या माणसानं पँट घातली म्हणून तो परका होत नाही. पोरं हसतात, आणि चाचणीत पुन्हा कोरी पानं देतात.

शहापूर आणि मुरबाडच्या काही शाळांमधल्या गणित शिक्षकांनी मिळून एक मंडळ केलं आहे. सगळ्या शाळांची एकच सराव परीक्षा घ्यायची, पेपर एकमेकांच्या शाळांत तपासायला पाठवायचे, म्हणजे कुणी आपल्या मुलांना सढळ हातानं मार्क देणार नाही, असा हेतू. त्या वर्षी पेपर काढायचा आणि आदर्श उत्तरपत्रिका लिहायची जबाबदारी माझ्यावर आली. 'आदर्श' हा शब्द मला फार आवडला. मी ती एका बैठकीत लिहून काढली, शेवटी ठसठशीत सही करून छापायला दिली आणि ताळा करण्याची गरज आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही. ताळा विद्यार्थी करतात.

प्रश्न असा होता. A(1, 3) आणि B(7, 0) हे दोन बिंदू दिले आहेत. P हा बिंदू रेषाखंड AB ला A कडून एकास दोन या प्रमाणात विभागतो. P मधून जाणाऱ्या आणि −2/3 चढ असलेल्या रेषेचं समीकरण काढा. मार्क चार.

पेपर तपासून परत आले, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या वर्गातली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. ती शेणव्याच्या पुढच्या एका पाड्यावरून यायची. वर्गात फार बोलायची नाही, पण वहीत आकडे मात्र कोरून काढल्यासारखे.

"सर, पाचव्या प्रश्नाला मला शून्य दिलंय."

"बघू."

तिचं शेवटचं उत्तर होतं: x/6 + y/4 = 1. बाजूला लाल पेनानं मोठं शून्य, आणि 'उत्तर जुळत नाही' असा शेरा. मी माझी आदर्श उत्तरपत्रिका काढली. तिथे होतं: 2x + 3y − 13 = 0.

मला एकदम स्फुरण चढलं. म्हणजे पोरीनं समीकरण अंतःखंड रूपात, अक्षांवरच्या छेदांनी, लिहिलं आणि तपासणाऱ्यानं सामान्य रूपाशी डोळे मिटून जुळवलं! एकाच माणसाचं नाव शाळेच्या दाखल्यात, रेशनकार्डावर आणि आधारवर तीन तऱ्हांनी असतं, म्हणून काय माणसं तीन होतात?

"तुझं बरोबर आहे," मी म्हणालो. "फक्त रूप वेगळं आहे. मी लढतो."

"पण सर, तिथं तेरा हाय..." ती काहीतरी सांगू बघत होती.

"तू काळजी करू नकोस."

पुढचे आठ दिवस मी हा विषय ज्याला सांगितला नाही असा माणूस राहिला नाही. घोकंपट्टी, ठोकळेबाज तपासणी, ग्रामीण मुलांवरचा अन्याय, सगळं झालं. शिपायालादेखील मी अंतःखंड म्हणजे काय ते समजावलं. या सगळ्यात एकदाही मी ते समीकरण कागदावर उलगडून पाहिलं नाही. तत्त्व एवढं मोठं होतं, त्यात आकडेमोड कसली करायची?

मंडळाची बैठक त्या शनिवारी आमच्याच शाळेत होती. अध्यक्ष होते निवृत्तीला आलेले एक मुख्याध्यापक. ते भूगोलाचे. पण गणिताच्या मंडळात भांडणं होतात म्हणून सर्वांनी मिळून गणित न येणारा माणूस नेमला होता. आमच्या मुलांचे पेपर मुरबाडकडच्या एका मॅडमनी तपासले होते. बारीक चणीच्या, मोजकं बोलणाऱ्या. समोर पोह्यांची बशी होती, पण आपल्या गठ्ठ्याला तेल लागेल म्हणून त्यांनी ती लांब सारली होती.

मी उभा राहिलो. खडू घेतला. त्या मुलीला वर्गातून बोलावून घेतलं, कारण माझ्या विजयाला साक्षीदार हवा होता.

"एखाद्या रेषेचा चढ आणि तिच्यावरचा एक बिंदू माहीत असेल," मी सुरू केलं, "तर समीकरण बिंदू-चढ रूपात लिहितात: y − y₁ = m(x − x₁). दोन बिंदू माहीत असतील तर दोन-बिंदू रूप. चढ आणि y अक्षावरचा छेद ठाऊक असेल तर y = mx + c. दोन्ही अक्षांवरचे छेद ठाऊक असतील तर x/a + y/b = 1. आणि यातलं कुठलंही रूप आवरून एका बाजूला घेतलं की सामान्य रूप, ax + by + c = 0. रेषा तीच! आता या मुलीचं उत्तर बघा."

मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: x/6 + y/4 = 1.

"दोन्ही बाजूंना बारानं गुणा. बारा भागिले सहा, दोन. बारा भागिले चार, तीन. म्हणजे 2x + 3y..."

इथे माझा हात थांबला.

"बरोबर?" अध्यक्षांनी विचारलं.

"...बरोबर बारा," मी म्हणालो.

"आणि उत्तरपत्रिकेत?"

"तेरा," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

2x + 3y = 12 आणि 2x + 3y = 13 या एका रेषेच्या दोन तऱ्हा नव्हेत. चढ सारखा, म्हणून दोन्ही समांतर. कितीही लांब नेल्या तरी एकमेकींना भेटणार नाहीत. आणि रूपाबद्दलचं माझं सगळं भाषण त्या दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेत उभं होतं.

"मग पोरीचं चुकलं म्हणायचं," अध्यक्ष पोह्यांकडे वळत म्हणाले.

"नाय सर," मुलगी म्हणाली. आवाज बारीक, पण कापत नव्हता. "मी सांगू?"

मी खडू तिच्या हातात दिला. दुसरं काही सुचलंही नसतं.

तिनं A आणि B काढले, मधे रेघ ओढली. "A कडून एकास दोन म्हंजे A कडं एक वाटा, B कडं दोन वाटे. आमी घरी भिंतीला कारवीचा कूड बांधताना दोरी तीन पदरी करतो नि पयल्या घडीवर खूण करतो, तसं. x एकपास्न सातपर्यंत जातो, म्हंजे सहा. तीन वाटे केले, दोन-दोनचे. एकात दोन मिळवले, तीन. y तीनवरून शून्यावर उतरतो. तीन वाटे, एक-एकचे. तीनातून एक गेला, दोन. P झाला (3, 2)."

"सूत्रानं?" मॅडमनी विचारलं.

तिनं लिहिलं. एकानं B चा आकडा गुणायचा, दोननं A चा, आणि बेरजेला तीननं भागायचं. x साठी (1×7 + 2×1)/3 = 9/3 = 3. y साठी (1×0 + 2×3)/3 = 6/3 = 2.

"मग y − 2 = −2/3(x − 3). तीननं गुणलं तर 3y − 6 = −2x + 6. म्हंजे 2x + 3y = 12. मग बारानं भागून मी छेदांचं रूप केलं, कारण ते दिसायला साफ होतं. (3, 2) घालून बघितलं पण. सहा आणि सहा, बारा."

ताळासुद्धा केला होता तिनं.

मी माझ्या उत्तरपत्रिकेकडे पाहिलं. मी दोननं B ला गुणलं होतं आणि एकानं A ला: (14 + 1)/3 = 5, (0 + 3)/3 = 1. माझा P होता (5, 1). म्हणजे B ला खेटून. जो प्रमाण उलटं लावू नका म्हणून वर्गात टेबलावर डस्टर आपटतो, त्यानंच ते उलटं लावलं होतं.

"मला पहिल्या दहा पेपरांतच शंका आली होती," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या हुशार मुलांचं बारा येत होतं."

"मग तुम्ही कळवलं का नाही?"

"खाली तुमची सही होती. वर 'आदर्श' लिहिलं होतं."

आता सगळ्या शाळांचे पेपर पुन्हा तपासायचे की काय, या विचारानं बैठकीत एकदम एकजूट झाली. एका सरांनी सुचवलं की प्रश्नच रद्द करावा. दुसरे म्हणाले, रद्द केला तर चूक झाली असं दिसेल. शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला: दोन्ही उत्तरं ग्राह्य धरावीत.

"सर, एक बिंदू दोन ठिकाणी असू शकत नाही," मी म्हणालो.

"का? गुरुजी असतात की. हजेरीपटावर इथं, जनगणनेला तिथं."

मतदान झालं. सहा विरुद्ध दोन मतांनी P हा बिंदू (3, 2) आणि (5, 1) या दोन्ही ठिकाणी असल्याचं मंजूर झालं. विरोधात मी आणि मॅडम. मॅडमनी विरोध इतिवृत्तात लिहून घ्यायला लावला, तेव्हा अध्यक्षांना प्रथमच थोडं अवघडल्यासारखं झालं. लगेच पुढचा ठराव आला: यापुढे आदर्श उत्तरपत्रिका तपासण्यासाठी समिती असावी, आणि या विषयाचा दांडगा अनुभव असल्यामुळे तिचा प्रमुख मीच असावा. तो मात्र एकमतानं मंजूर झाला.

सोमवारी मी वर्गात फळ्यावर माझं चुकीचं गणित जसंच्या तसं उतरवलं आणि सांगितलं, हे मी केलंय. वर्गाला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. तास संपल्यावर ती मुलगी जवळ आली.

"सर, आमचे चार मार्क वाढले. पण ज्यांचं चुकलं, त्यांचे काढले नाय?"

"नाही. ठराव झालाय."

"मग तेंना कळणार कसं, चुकलं म्हणून?"

"तू त्या दिवशी दारात सांगत होतीस ना, तेरा आहे म्हणून? मी ऐकायला हवं होतं," मी म्हणालो. ती नुसती लाजून हसली. तिचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला.

म्हणून मी एका पानावर पूर्ण उकल लिहिली, चूक माझी आहे हेही लिहिलं, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. प्रत्येकानं आपापल्या वर्गात वाचून दाखवावी अशी विनंती केली. चार जणांनी हात जोडले. एकानं फूल पाठवलं. अध्यक्षांनी लिहिलं, 'सुंदर विचार, सर.'

फक्त मुरबाडच्या मॅडमचा फोन आला. पान वर्गात वाचून दाखवलं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पाचवा प्रश्न झाला. बाकीची उत्तरं कुणी बघितली का?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघं शहापूरच्या एका शाळेच्या रिकाम्या वर्गात बसलो आणि माझी उत्तरपत्रिका पहिल्यापासून तपासली. सातव्या प्रश्नात चढाचं ऋण चिन्ह गायब निघालं.

"हे छापताना गेलं असणार," मी म्हणालो.

मॅडमनी माझं हस्तलिखित मागितलं.