सातवी ओळ

रुग्णालयातले ड्युटीबाबू नर्सेसच्या पाळ्या वर्षानुवर्षं वहीतच लावत आले होते, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. या महिन्यात वरून फर्मान आलं, तक्ता कॉम्प्युटरवर करा. बाबूंनी नाक मुरडत सॉल्व्हरमध्ये, म्हणजे अटींवरून तक्ता जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये, अटी भरल्या: रोज सहा नर्स हव्यात, ऑपरेशनच्या सोमवारी सात, आणि प्रत्येकीला आठवड्यात जास्तीत जास्त सहा पाळ्या. बटण दाबलं, तर उत्तर आलं, या अटींत बसणारा मार्गच नाही.

"डोकं फिरलंय याचं! मी दर आठवड्याला बसवतो ते याला जमेना?"

मग त्यांनी बोटांवर हिशेब केला. आठवड्याला पाळ्या त्रेचाळीस हव्यात, आणि सातजणी सहा-सहा करून बेचाळीसच भरतात. सातव्या ओळीत, नव्याने आलेल्या नर्सच्या नावापुढे, सहाचे सात केले, तसा तक्ता चटकन जुळला.

वहीत तो कसा जुळायचा, हे बघायला त्यांनी जुनी वही उघडली. पानापानावर सहा ओळींत सुट्टीची फुली होती. सातवी ओळ गेल्याच महिन्यात निवृत्त झालेल्या मोठ्या ताईंची. तिथे एकही फुली नव्हती.

निरोपसमारंभात बाबूंनीच छाती फुगवून सांगितलं होतं, "ताईंनी कधी सुट्टी मागितली नाही!" टाळ्या कडाडल्या होत्या. टाळ्या थांबल्यावर ताई त्यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या होत्या, "मागितली होती, बाबू. पहिल्याच वर्षी. तुम्ही म्हणालात, पुढच्या आठवड्यात बघू."