बोरमाळेच्या पोटातली लाख

बाळांनो, तुम्ही दिवाळीत पाठवलेल्या दागिने धुण्याच्या यंत्राबद्दल मी फोनवर नुसतंच "छान आहे हो" म्हणत आले. पण परवा थोरली म्हणाली, "आजी, आईची नथ, कुड्या, सगळं एकदम टाकून धुऊन घेणार आहे." मग मात्र लिहायला बसले. फोनवर तुम्ही माझं अर्धंच ऐकता.

यंत्र खरंच छान आहे. साबणाचे दोन थेंब टाकलेलं कोमट पाणी, आत जाळीची टोपली, बटण दाबलं की बारीक गुणगुण. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि नक्षीच्या खाचांतला मळ उचकटून काढतात. माझ्या भरीव पाटल्यांतून चार मिनिटांत असा काळा धूर निघाला, की मी इतकी वर्षं काय घालून फिरत होते याची लाज वाटली.

यंत्राबरोबर आलेली पुस्तिका मी पेन्सिलीने खुणा करत वाचली होती. मोती, पोवळं, ओपल नको. पाचूही नको, कारण त्याच्या भेगांत तेल मुरवलेलं असतं, ते निघून जातं. चिकटवलेले किंवा मागे चकाकता पत्रा लावून बंद केलेले खडे नकोत. हिऱ्याची अंगठी चालते, पण आधी कानाशी हलवून बघायची. खडा खुळखुळला तर कोंदणाच्या नख्या सैल आहेत, आणि यंत्र तो सोडवूनच देईल. सोनं मात्र चालतं, असं छापलं होतं. मी तिथे बरोबरची खूण केली.

फेब्रुवारीत माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, सांगलीहून साताऱ्याला आल्या. आठ दिवसांवर त्यांच्या नातीचं लग्न. पिशवीत त्यांच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्याही, त्यांना घातलेली बोरमाळ होती. घरातली प्रत्येक नवरी तीच घालून बोहल्यावर उभी राहते. मीही राहिले होते.

"लय काळवंडलीय बघ," अक्का म्हणाल्या. "सोनाराकडं टाकू म्हणत हुते."

"कशाला? मी पाच मिनिटांत करते."

अक्का आंघोळीला गेल्या. मी त्यांच्या पिशवीतली मोत्यांची नथ बाजूला ठेवली, कुड्या बाजूला ठेवल्या, अगदी शहाण्यासारखं. बोरमाळ सोन्याची, म्हणून टोपलीत. मळ जुना, म्हणून पाणी कोमटऐवजी चांगलं कढत.

अक्का केस पुसत बाहेर आल्या तेव्हा पाणी तांबूस झालं होतं.

"बघा, किती मळ निघाला!" मी म्हणाले.

त्या वाकल्या, आणि त्यांचा पंचा खाली पडला. "अगं बया, मळ न्हाई त्यो! लाख हाय ती! काढ, काढ आधी!"

बोरमाळेचा मणी आतून भरीव नसतो, पोरांनो. कागदासारखा पातळ सोन्याचा पत्रा आणि पोटात लाख. कढत पाण्याने लाख मऊ झाली होती, थरथरीने सुटून दोऱ्याच्या भोकांतून बाहेर येत होती. मी घाईने माळ उचलली आणि तीन मणी माझ्याच बोटांखाली चेपून फाटले.

"इंग्रजी शाळेत एवढं शिकलीस, आन् बोरमाळेत लाख असती हे ठावं न्हाई व्हय?" अक्का म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून जरा नरमल्या. "आता नातीला मी काय सांगू?"

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघी सांगलीच्या सराफ कट्ट्यावर. वाटेत इस्लामपूरला चहा घेतला, तोही वेगवेगळ्या टेबलांवर. म्हाताऱ्या सोनाराने भिंगातून बघितलं आणि विचारलं, "उकळली का काय?"

"धुतली," मी म्हणाले.

"आवं आजी, ही नुसती ओल्या फडक्यानं पुसायची." पाणी शिरलेली लाख काढून, मणी वाळवून, नवी लाख भरून, पोचे काढून तो देणार होता. फाटलेल्या तीन मण्यांपुढे मात्र त्याने हात जोडले. "नवीन करून देऊ?"

"नको," अक्का म्हणाल्या. "हायेत तेवढेच ओवा."

हळदीच्या आदल्या दिवशी पटवेकऱ्याने नव्या दोऱ्यात ओवलेली माळ घरी आली. गळ्याशी जरा वर बसत होती. नवरीने आरशात बघून विचारलं, "आजी, ही आखूड का वाटतीय?"

"तुझ्या धाकट्या आजीला इचार," अक्का म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे हसल्या. मांडवात निदान चाळीस बायकांना त्यांनी ती गोष्ट सांगितली. दर वेळी पाणी थोडं जास्त उकळत गेलं.

तेव्हा नथ टाकू नका. दोऱ्यात ओवलेलं, लाखेवर मढवलेलं काही टाकू नका. माझ्या पुस्तिकेत 'सोनं'पुढे आता मी मराठीत 'भरीव असेल तरच' असं लिहून ठेवलं आहे.

बोरमाळेचे अडतीस मणी शाबूत आहेत. फाटलेले तीन माझ्याकडे, कुंकवाच्या जुन्या करंड्यात आहेत.