गुरुवारचा फळा

सरांचा वर्ग माझ्या एका वाक्याने बंद झाला. विभागप्रमुखांनी तो काढून घेतला, पत्र ऑफिसातून गेलं, हे सगळं खरं; पण वाक्य माझं होतं.

सर माझे एम.एस्सी.चे शिक्षक. पुढे इथे म्हैसूरला त्याच कॉलेजात मी त्यांची सहकारी झाले, आणि ते निवृत्त झाल्यावरही पाहुणे प्राध्यापक म्हणून आठवड्यातून तीन सकाळी विद्युतचुंबकत्व शिकवायला येत राहिले. त्यांचे पूर्वज जुन्या म्हैसूरच्या फौजेतले. घरात मराठी तेव्हापासून चालत आलेली, वाटेत तिने पोटभर कन्नड खाल्लेलं. कॉरिडॉरमध्ये मी भेटले की इंग्रजी बाजूला ठेवून ते विचारायचे, "काय गं, ऊट झालं?" जेवलीस का, एवढाच अर्थ, पण मला बरं वाटायचं.

त्या आठवड्यात त्यांनी लांब सोलेनॉइड घेतला होता. तारेचं लांबलचक गुंडाळं, त्यातून वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र आतल्या आत राहतं, बाहेर शून्य. पण व्हेक्टर पोटेन्शियल नावाची एक राशी बाहेरही असते. सोलेनॉइडभोवती कुठूनही एक फेरी मारा आणि वाटेतलं पोटेन्शियल बेरजेत धरत जा. मूळ जागी परत आलात की बेरीज बरोबर आतल्या फ्लक्सइतकी, म्हणजे आत कोंडलेल्या एकूण चुंबकत्वाइतकी, भरते. बाहेर क्षेत्र नाही म्हणून पोटेन्शियल पुसून टाकू म्हटलं तर टाकता येत नाही. ही फेरी आड येते.

सोमवारी सरांनी नेहमीचं सूत्र लिहिलं. पोटेन्शियल सोलेनॉइडभोवती गोल फिरतं आणि बाहेर अंतराबरोबर कमी होत जातं. प्रत्येक पुस्तकात असतं तेच. गुरुवारी त्याच गणिताचा पुढचा भाग करताना त्यांनी फळ्यावर वेगळंच सूत्र लिहिलं. आत फक्त एकाच दिशेचा घटक, आणि बाहेर जुन्या सूत्राला दोन जादा पदं चिकटलेली, जी दूर जावं तशी वाढत जातात. मुलांनी दोन्ही फळ्यांचे फोटो काढले आणि ते विभागप्रमुखांकडे गेले.

प्रमुखांनी फोन माझ्यासमोर धरला. "मॅडम, तुमचा विषय. हे बरोबर आहे का?" मला तासाला जायचं होतं, हातात हजेरीपट होता. मी पाहिलं: अंतराबरोबर वाढणारं पोटेन्शियल, तेही जिथे क्षेत्र शून्य तिथे. मी म्हटलं, "चुकलंय. सर आता विसरायला लागलेत." उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याआधी सर दोनदा चुकीच्या खोलीत जाऊन बसले होते, हे प्रमुखांना ठाऊक होतं. माझं वाक्य त्यावर नेमकं जाऊन बसलं. पुढच्या सोमवारी सरांना शाल दिली, विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. सरांनी खडूंचा डबा तेवढा घरी नेला.

त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. पहिल्याच तासाला मी मुलांना म्हटलं, गुरुवारच्या फळ्यात चूक कुठे आहे ते आज करून बघू. फोटोवरून सूत्र उतरवलं, सोलेनॉइडच्या बाहेर एक वर्तुळ काढलं आणि फेरी मारायला घेतली. ती जादा पदं वेगळी काढली तेव्हा माझा हात मंदावला. ती कशीही लिहा, जागा सांगणाऱ्या x आणि y यांच्या निव्वळ गुणाकारातला बदल होता, एका ठरावीक संख्येने गुणलेला. फेरी पूर्ण करून पहिल्या जागी परत आलं की x तोच, y तोच, गुणाकार तोच, बदल शून्य. चामुंडीच्या टेकडीवर कितीही पायऱ्या चढा, खाली काढून ठेवलेल्या जोड्यांपाशी परत आलात की उंची काही कमावलेली नसते, तसं. उरलं ते जुनं सूत्र. बेरीज: फ्लक्स, जितका हवा तितकाच.

सरांनी गेज बदललं होतं, एवढंच. असं एखादं पद, ज्याची कुठल्याही बंद फेरीवर बेरीज शून्य होते, पोटेन्शियलमध्ये खुशाल मिसळता येतं. क्षेत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी दरवर्षी मुलांना शिकवते. परीक्षेत विचारते. मग वळून म्हटलं, "सर बरोबर आहेत. मी चुकले." लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

प्रमुखांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "या वेळी बरोबर होते, मॅडम. पुढच्या वेळी?"

त्याच दुपारी मी हिनकलला सरांच्या घरी गेले. ते व्हरांड्यात बसले होते. विचारलं, "सर, गुरुवारी तुम्ही मुद्दाम गेज बदललंत ना?"

मला 'हो' हवं होतं. ते माझ्याकडे बघून हसले.

"मुद्दाम? इल्ला गं. सोमवारी काय लिवलं होतं ते आठवतच नव्हतं. पोरांना विचारायला लाज वाटली. मग म्हटलं, होगली, जाऊ दे, नवीन घेऊ या. घ्यायची मोकळीक आहे ना, अल्वा? लिवलं, आणि मनातल्या मनात एक फेरी मारून बघितली. फ्लक्स आला. खडू खाली ठेवला. अष्टे, एवढंच."

काकू कॉफी घेऊन आल्या. म्हणाल्या, "कॉलेज होतं तोवर सोमवार-गुरुवार तरी कळायचा यांना. आता सगळे वार सारखेच."

पेला हातात घेऊन सरांनी विचारलं, "माझा क्लास कुणी बंद केला गं?"

मी सांगितलं. मी. फोटो, हजेरीपट, ते वाक्य, सगळं. सर रस्त्याकडे वळून बसले. मग कॉफी प्यायले.

तेव्हापासून मी दर गुरुवारी जाते. दुसऱ्या खेपेला त्यांनी तोच प्रश्न विचारला, अगदी पहिल्यांदा विचारावा तसा. मी पुन्हा सांगितलं. त्या दिवशी ते भडकले. नडी, चल जा इथून, म्हणाले. मी गेटबाहेर उभी राहून रडले. तिसऱ्या खेपेला ते हसले. "तू शिकत होतीस तेव्हाही इंटिग्रल अर्ध्यात सोडायचीस." तेही खरंच आहे.

परवा चौथी खेप. प्रश्न आला तशा काकू दारातून मला खुणावू लागल्या: बेडा, नको. त्यांचंही बरोबर होतं. सरांच्या लक्षात तर राहणार नाही, मग म्हाताऱ्याला दरवेळी नव्याने कशाला दुखवायचं? ऑफिसने बंद केला म्हटलं असतं तर खपलं असतं. पण त्यांचं विसरणं ही माझी सोय करून घ्यायची, हे मला जमेना.

"मी बंद केला, सर. फेरी पुरी न करता चुकलंय म्हणाले."

त्यांनी मान हलवली. वर्गात एखादी मुलगी उत्तर देताना अडखळली की हलवायचे तशी.

"मग नंतर केलीस का पुरी?"

"केली."

"काय आलं?"

"फ्लक्स."

"सरि, बरोबर," म्हणाले, आणि बाकावर सरकून त्यांनी मला बसायला जागा करून दिली.