चिंचोके, जीप आणि दबा

लग्न होऊन उकव्याला आले तेव्हा मला पत्त्यांतला 'पाच-तीन-दोन' सोडून काहीच येत नव्हतं. बालाघाट जिल्ह्यातल्या या मँगनीजच्या खाणीवर आमचे हे केमिस्ट. कंपनीचं दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे जंगल, पुढे लाल मातीचा रस्ता. करमणूक म्हणाल तर रविवारी दुपारी फोरमनसाहेबांच्या ओट्यावर बसणारा पोकरचा अड्डा. तिथल्या चौथ्या भिडूची बदली झाली आणि ह्यांनी घरी येऊन मला म्हटलं, "चाल वं, तू बस. नाहीतरी तुले दिवसभर काम काय आहे?"

दिवसभर काम काय आहे! त्या वाक्याचा सूड म्हणूनच मी पोकर शिकले, असं म्हटलं तरी चालेल.

पैसे लावायचे नाहीत हा फोरमनसाहेबांचा दंडक. चिंचोक्यांवर खेळ. पण चिंचोक्यांसाठी कोण एवढा जीव टाकतं? खरी गोष्ट जीपची होती. मॅनेजरसाहेबांनी रविवारी एक जीप स्टाफला मोकळी दिली होती, आणि ती कोणी न्यायची यावरून दर आठवड्याला भांडणं. शेवटी ठरलं, या रविवारी ज्याच्याकडे सगळ्यांत जास्त चिंचोके, पुढच्या रविवारची जीप त्याची. चार वाजता चहा आला की खेळ बंद.

खेळ सोपा. प्रत्येकाला पाच पत्ते, मग एकदा चिंचोके लावायचे, मग नको ते पत्ते बदलायचे, मग पुन्हा लावायचे. एका वेळी पाचच. समोरच्यानं पाच टाकले की तुम्ही पाच देऊन पाहा, नाहीतर पत्ते टाका, नाहीतर आणखी पाच वाढवा. आणि कोणी काही टाकलं नसेल तर बोटानं टेबल ठोकून 'चेक' म्हणता येतं. म्हणजे मी काही टाकत नाही, पण खेळात आहे.

फोरमनसाहेब साठीचे, उभी हयात खाणीत गेलेली. त्यांनी मला पहिल्याच महिन्यात कानमंत्र दिला. "सूनबाई, पत्ते चांगले आले की तुम्ही टाळ्या वाजवल्यासारखे चिंचोके टाकता. कधी कधी नुसतं ठोकायचं. समोरच्याला वाटू द्यायचं, बाईकडे काही नाही. त्यानं पाच टाकले, की मग आपण वाढवायचं." गोऱ्या साहेबांच्या टेबलावर हे सभ्य मानत नसत म्हणे. "पण हे टेबल माझं आहे," ते म्हणाले, "इथे चालतं." आम्ही त्याला दबा धरणं म्हणायचो.

मी लगेच दबा धरला, आणि धरला कोणापुढे, तर आमच्या स्टोअरकीपरपुढे! पाच पत्ते ओळीनं लागलेले माझे. मी ठोकलं. त्यांनीही ठोकलं. पत्ते उघडले तर त्यांच्याकडे तीन अठ्ठे; पोकरमध्ये ओळ त्याहून मोठी, म्हणून डाव माझा. तीन अठ्ठे घेऊन हा माणूस गप्प बसला होता! पण माझ्या वाट्याला जास्तीचा एक चिंचोका आला नाही.

"अहो, टाकायचे ना पाच!" मी चिडून म्हणाले.

"तुम्ही टाकले असते तर म्या देले असते," ते गरिबासारखे बोलले. "आपल्याले आपणहून टाकाची सवय नाही."

फोरमनसाहेब पोट धरून हसले. मग म्हणाले, "जो आपणहून टाकत नाही, पण मागितलं की देतो, त्याच्याकडून सरळ मागून घ्यायचं. दबा धरायचा तो ज्याच्या हाताला खाज आहे त्याच्यासाठी."

हाताला खाज! एका घरात राहत होते मी त्या खाजेबरोबर. आमच्या ह्यांना कोणी टेबल ठोकलं की राहवत नसे. समोरचा ठोकतो म्हणजे भित्रा, आणि भित्र्याला हाणलंच पाहिजे. हातात काडी नसली तरी पाच चिंचोके टेबलावर आपटणार.

आता ज्या रविवारची गोष्ट सांगायची तो. त्याच्या पुढच्या रविवारी माझ्या धाकट्या बहिणीला बघायला कटंगीला पाहुणे येणार होते. ती मास्तरणीच्या ट्रेनिंगच्या शेवटच्या वर्षाला. बसच्या कंडक्टरबरोबर तिनं निरोप धाडला, "ताई, तू येच. तू नसलीस तर बाबा हौ म्हणून टाकतील." आमचे बाबा तसेच. समोरच्यानं काहीही म्हणावं, बाबांचं हौ तयार. मागच्या खेपेस एका बिजवराला हौ म्हणून बसले होते, आईनं रडून मोडलं. आता आईही नव्हती. बसनं गेलं तर कटंगीला पोचायला संध्याकाळ, तोवर पोहे खाऊन पाहुणे घरी. मला जीप हवी होती.

आणि ह्यांनाही जीप हवी होती! बैहरला व्हॉलीबॉलची फायनल, हे कप्तान, सहा खेळाडू न्यायचे. कटंगी एका दिशेला, बैहर दुसऱ्या.

"तुमची फायनल मोठी की माझी बहीण?" मी विचारलं.

"टेबलावर ठरू दे," हे म्हणाले. "मंग रडू नको."

त्या दुपारी मी ह्यांना दोनदा धुतलं. पहिल्यांदा माझ्याकडे तीन दश्शे. मी ठोकलं, ह्यांनी लगेच पाच आपटले, मी वाढवलं, ह्यांनी पत्ते फेकले. नंतर कळलं, ह्यांचे चार बदाम होते, पाचवा आलाच नाही, म्हणजे हातात काहीच नव्हतं. मी आधी चिंचोके टाकले असते तर ह्यांनी मुकाट्यानं पत्ते टाकले असते. माझ्या ठोकण्यानंच ते पाच आणले. दुसऱ्यांदा ह्यांच्याकडे एक्क्यांची जोडी. मी पुन्हा ठोकलं, ह्यांनी पाच टाकले, मी वाढवलं, तर तेही देऊन पाहिलं, आणि माझे पत्ते मोठे निघाले. पाचाऐवजी दहा आले.

"हे लबाडी आहे," हे म्हणाले. "घरच्या माणसाशी कोणी असं करते काय?"

"बाहेरच्या माणसाशी करून उपयोग नाही," मी म्हणाले, "ते टाकतच नाहीत!" स्टोअरकीपर लाजले.

तरी बाकीच्या डावांमुळे पावणेचारला ह्यांचा ढीग माझ्यापेक्षा मोठा होता. आतून चहाच्या कपांचा आवाज येऊ लागला. फोरमनसाहेब म्हणाले, "हा शेवटचा."

पत्ते ह्यांनी वाटले, म्हणून बोलायची पहिली पाळी माझी. हाती दोन राजे, दोन सत्ते. मी पाच टाकले, ह्यांनी दिले, बाकी दोघांनी पत्ते टाकले. मी एक पत्ता बदलला आणि राजा आला. तिसरा राजा! छातीत धडधड अशी की ओट्यावरची कोंबडीसुद्धा ऐकत असेल. ह्यांनीही एकच बदलला.

आता काय? सरळ पाच टाकू, की दबा धरू? ह्यांचा ढीग टेबलभर पसरलेला, माझे चिंचोके ओच्यात. डोळ्यांना वाटलं, फरक फार आहे, पाचानं भागायचं नाही, दहा पाहिजेत. आणि खरं सांगते, दोनदा जमलं होतं ना, चटक लागली होती. कटंगीचा रस्ता मला दिसायला लागला होता.

मी टेबल ठोकलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या ढिगाकडे पाहिलं. पाच चिंचोक्यांवर ठेवलेला हात उचलला आणि सावकाश, अगदी प्रेमानं, टेबल ठोकलं.

मी राजे उघडले. ह्यांच्याकडे एक्के आणि नव्वे, दोन जोड्या. डाव माझाच. मोजले तर मी दोन चिंचोक्यांनी मागे.

"का नाही टाकले?" मी ओरडले. "दर वेळी टाकता!"

"काहून टाकू?" हे म्हणाले. "मी पुढं होतो. शेवटचा डाव. पुढं असलेल्या माणसानं उगीच काहून हात घालाचा?"

"आणि मी टाकले असते तर?"

"पाहिलं असतं. दोन जोड्या घेऊन एवढा डाव कोण सोडते?"

म्हणजे सरळ पाच टाकले असते तर जीप माझी होती. फोरमनसाहेब चहा फुंकत हळूच म्हणाले, "खाज माणसाला असते, सूनबाई. पण दर वेळी नसते. आज त्याला कशाची गरज आहे, ते आधी बघायचं."

मी रडले. चक्क ओट्यावर, तिघांसमोर. चिंचोक्यांसाठी नाही हो, त्या पोरीसाठी. घरी दोन दिवस अबोला. भाजीत मीठही कमी घातलं मुद्दाम. तिसऱ्या दिवशी हे चोरासारखे आले आणि म्हणाले, "मँगनीजचा ट्रक रविवारी पहाटे बालाघाटले जाते. ड्रायव्हरले सांगून ठेवलं. तिथून वारासिवनीवरून कटंगीची बस आहे." आणि स्वतःचा काळा चष्मा माझ्या हातात ठेवला, डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून. राग तरी किती दिवस धरणार!

चष्म्यानं डोळे वाचले, बाकी अंगभर मँगनीजची काळी भुकटी. बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसेना. कटंगीच्या घराच्या दारात पोचले तेव्हा पाहुणे सतरंजीवर, पोहे पुढ्यात, बहीण खाली मान घालून. हात-तोंड धुवायला मागच्या दारानं जावं म्हटलं, तेवढ्यात मुलाचे काका म्हणाले, "मंग याच वैशाखात उरकून टाकू. ट्रेनिंग-बिनिंग राहू द्या, पोरीले कुठं नोकरी कराची आहे?"

बाबांनी तोंड उघडलं. मला त्या तोंडातलं हौ दिसलं.

मनात आलं, थोडं थांबावं. काकांना आणखी बोलू द्यावं, हुंडा-मानपान सगळं बाहेर येऊ द्यावं, मग एकदम वाढवावं. पण दबा कोणासाठी धरणार? इथे निकाल काकांच्या नाही, बाबांच्या हातात होता. आणि बाबा आपणहून कधीच काही टाकत नाहीत. जो आधी मागेल त्याला देतात.

"बाबा," मी दारातूनच म्हणाले, तशीच, काळीठिक्कर, पायताण पायात, "तिची परीक्षा होईल. मग नोकरी लागेल. लग्नाचं त्याच्यानंतर. बरोबर ना?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. "ह्या कोण?"

बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं. ओठ हलले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्या त्या सवयीचा इतका आनंद झाला की मी उभ्या उभ्या हसले.

"हौ," बाबा म्हणाले. "माही मोठी पोरगी आहे. अन् बरोबर बोलून राह्यली ते."